भरतीच्या मैदानासाठी सत्तू आणि फुटाणे: कधी, किती आणि कसे घ्यायचे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मैदानावर एक मुलगा १६०० मीटरच्या सरावात तिसऱ्या फेरीला थांबला आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून खाली बसला. पोलीस भरतीची तयारी करणारा, अंगाने काटक, रोज पहिल्या पाचात येणारा मुलगा. काय खाल्लंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही सर, नुसता सत्तू पिऊन आलोय." खोलीवरून निघताना, म्हणजे धावायच्या वीस मिनिटं आधी, त्याने मोठा स्टीलचा पेला भरून दाट सत्तू प्यायला होता, वर कांदा-मिरची घालून. सत्तू प्यायला की अंगात ताकद येते, असं त्याने मोबाईलवर ऐकलं होतं.

ऐकलं ते खोटं नव्हतं. पण सत्तू हळूहळू पचतो, आणि दाट असला तर पोटात बराच वेळ बसून राहतो. आपण धावायला लागलो की शरीर रक्त पायांकडे वळवतं. मग पोटातलं ते जड ओझं तसंच हिंदकळत राहतं आणि कळ येते. त्याला दोन गोष्टी बदलायला सांगितल्या, वेळ आणि प्रमाण. तो आजही सत्तू पितो आणि चांगला धावतो.

मेसच्या जेवणावर राहणारी, महिन्याचे पैसे मोजून खर्च करणारी मुलंमुली माझ्यासमोर रोज असतात. डब्यातली महागडी पावडर त्यांना परवडत नाही. हरभरा परवडतो, म्हणून त्याबद्दल नीट लिहितो.

आधी वस्तू ओळखा

सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. त्याचं घर म्हणजे बिहार, झारखंड आणि उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग. तिकडे एप्रिलच्या मध्यात मेष संक्रांतीला सतुआन नावाचा सण असतो आणि त्या दिवशी सत्तू आणि कैरी खातात. उन्हाळ्यात शेतावर किंवा बांधकामावर जाणारा माणूस पंचाच्या टोकाला सत्तू, मीठ, मिरची, कांदा बांधून नेतो. पाणी मिळालं की जेवण तयार, चूल पेटवायची गरज नाही.

आपल्याकडे गोंधळ होतो तो नावामुळे. आजीच्या डब्यातलं 'सातूचं पीठ' वेगळं. त्यात गहू आणि डाळवं असतं, चवीला सुंठ-वेलची असते, आणि ते दूध-गुळात कालवून खातात. चवीला उत्तम, पण त्यात गहू बराच असल्यामुळे प्रोटीन सत्तूपेक्षा कमी. त्यात आणखी भर म्हणजे मराठीत सातू हे जवाचंही नाव आहे. म्हणून दुकानात नुसतं "सत्तू द्या" म्हणू नका. "हरभऱ्याचा सत्तू आहे का?" असं विचारा आणि पाकिटामागची यादी वाचा. त्यात फक्त भाजलेला हरभरा असावा. साखर, गहू, मका लिहिलेलं असेल तर ते पाकीट ठेवून द्या.

दुसरी चूक जास्त त्रासाची. काही मुलं बेसनच पाण्यात कालवून पितात, कारण दोन्ही हरभऱ्याचीच पिठं. बेसन कच्च्या हरभरा डाळीचं असतं, ते शिजवल्याशिवाय पोटात घालू नये. पोट फुगतं, मुरडा येतो. ओळखायचं कसं? चिमूटभर जिभेवर ठेवा. सत्तूला फुटाण्याचा खमंग वास येतो आणि तो जिभेवर विरतो. बेसन कच्चट, तुरट लागतं आणि टाळूला चिकटतं. रंगही बघा: बेसन पिवळं, सत्तू मळकट, मातकट.

फुटाणे म्हणजे सालासकट भाजलेला हरभरा. साल काढून दोन फाकी झालेलं ते डाळवं, काही दुकानांत त्यालाच पंढरपुरी डाळ म्हणतात. प्रोटीनच्या दृष्टीने या दोन्हींत आणि सत्तूत मोठा फरक नाही. शंभर ग्रॅमला साधारण २० ग्रॅम धरा, थोडं इकडे तिकडे. फरक सालाचा आहे. सालात चोथा, आणि चोथ्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं, पण नवख्याला गॅसही होतो. ज्याचं पोट नाजूक आहे त्याने डाळव्यापासून सुरुवात करावी. भडक पिवळे, हाताला रंग लागणारे फुटाणे घेऊ नका. मीठ-हळद लावलेलेही रोजच्यासाठी नकोत, बिनमिठाचे मागा. मीठ आपण आपल्या हाताने घालू.

सत्तू घरी करा

विकतच्या सत्तूपेक्षा घरचा मला जास्त पसंत आहे. एक तर तो स्वस्त पडतो, आणि दुसरं म्हणजे त्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं. खोलीवर मिक्सर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्धा किलो बिनमिठाचे फुटाणे घ्या. कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत गरम करा. ते भाजलेलेच असतात, आपल्याला फक्त आतला दमटपणा घालवायचा आहे. पावसाळ्यात ही पायरी अजिबात सोडू नका. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना दळले तर वाफ धरते आणि पिठाच्या गुठळ्या होतात. गार झाल्यावर मूठ मूठ घेऊन तळहातांवर चोळा, साल सुटते, मग सुपात पाखडा. सूप नसेल तर ताट पंख्यासमोर धरून हलकेच उडवलं तरी बरीच साल निघून जाते. थोडी राहिली तर राहू द्या.

मिक्सरमध्ये भांडं अर्धंच भरा आणि थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर पातं तापतं आणि पीठ भांड्याच्या कडेला थापलं जातं. मैद्याच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेला रवा पुन्हा फिरवा. चाळण्याचा कंटाळा केला की त्याची किंमत पिताना मोजावी लागते, कारण भरड सत्तू पाण्यात मिसळत नाही आणि घशात अडकतो. अर्ध्या किलोतून सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास पीठ निघतं. डाळवं घेतलं तर चोळणं-पाखडणं वाचतं आणि पीठ जवळजवळ तेवढंच्या तेवढं मिळतं.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि चमचाही कोरडाच वापरा. महिनाभरात संपेल एवढंच करा, पावसाळ्यात पंधरा दिवसांचं. डबा उघडल्यावर जुन्या तेलासारखा खवट वास आला, पिठात जाळी किंवा सोंडे दिसले, तर चाळून वापरायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

कालवायची रीत

आमच्या इथे एमआयडीसीच्या फाटकाजवळ उन्हाळ्यात समस्तीपूरकडचे एक गृहस्थ सत्तूची गाडी लावतात. त्यांचं काम मी बराच वेळ उभं राहून बघितलं आहे. पितळी लोट्यात ते आधी सत्तू घालतात, मग काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि मग माठातलं पाणी, पण फक्त दोन-तीन घोट. लाकडी रवी दोन्ही तळहातांत धरून घुसळली की लोट्यात लाप्शीसारखा गुळगुळीत गोळा होतो. गुठळी मोडल्याची खात्री झाल्यावरच बाकीचं पाणी पडतं, आणि शेवटी लिंबू, बारीक कांदा, मिरची, पुदिना. गिऱ्हाईक कामावर निघालंय की कामावरून आलंय, हे विचारून ते दाट-पातळ ठरवतात. ज्याला दुपारचं जेवण मिळायला उशीर होणार त्याला दाट, ज्याला तहान लागली आहे त्याला पातळ. व्यायामासाठीही हाच हिशोब धरावा.

आपल्या पेल्याचं प्रमाण असं: ३० ते ४० ग्रॅम सत्तू, म्हणजे पोह्याच्या मोठ्या चमच्याने शीग लावून तीन-चार चमचे. चमचे लहानमोठे असतात, म्हणून एकदा किराणा दुकानात काट्यावर मोजून आपल्या चमच्याचं वजन जाणून घ्या. ३०० मिलिलिटर पाणी, पाव चमचा काळं मीठ, पाव चमचा जिरेपूड, अर्धं लिंबू. हे पातळ, घटाघटा पिता येईल असं होतं. कांदा-मिरची घरी बसून पिताना घाला, धावायच्या आधी नको, ढेकर येत राहतात. गोड हवा असेल तर मीठ-लिंबाऐवजी गुळाचा सुपारीएवढा खडा विरघळवा.

पाणी साधं किंवा माठातलं घ्या. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की बाहेरून लगेच शिजतं आणि आत कोरड्या गाठी राहतात. सत्तू आपण शिजवत नाही, तेव्हा पाणी पिण्यायोग्य स्वच्छच हवं. पेला ठेवला की पीठ तळाशी बसतं, म्हणून ढवळत ढवळत प्यायचं.

मैदानावर न्यायचा तर कालवून नेऊ नका. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत तो आंबूस होतो. बाटलीत कोरडा सत्तू, मीठ, जिरेपूड घालून न्या आणि प्यायच्या वेळी पाणी ओता. आधी थोडंसं ओतून जोरात हलवा, मग बाकीचं.

कधी प्यायचा, कधी नाही

सकाळी साडेपाचचा सराव असेल तर त्याआधी सत्तू नको. त्यासाठी चार वाजता उठावं लागेल, आणि तासाभराची झोप गमावून सत्तू पिण्यात काही कमाई नाही. उठल्यावर पाणी, आणि पोट अगदी रिकामं वाटत असेल तर एक केळं किंवा दोन खजूर. पटकन रक्तात उतरणारी साखर त्या वेळी उपयोगी. सत्तूचं काम सरावानंतर.

सराव संपला की आधी पाणी प्या, श्वास खाली येऊ द्या, मग पंधरा-वीस मिनिटांनी सत्तू. धापा टाकत असताना पेला रिचवला तर मळमळतं, काहींना उलटी होते.

संध्याकाळी सराव असेल तर त्याच्या दीड तास आधी पातळ सत्तू चालतो, आणि तेव्हा दोन चमचेच. साडेपाचला मैदान असेल तर चार वाजता. दुपारी एकला जेवलेलं असतं आणि पाच वाजता पोटात खड्डा पडलेला असतो, तो त्याने भरतो. माझ्या अनुभवात संध्याकाळच्या मुलांना सत्तूचा खरा फायदा इथेच दिसतो.

फुटाणे सरावाच्या आधी दोन तास खाऊच नयेत. कोरडे, चोथ्याचे, चावायला वेळ लागणारे, त्यांची जागा दुपारी अभ्यासिकेत आहे. एक मूठ, सोबत भरपूर पाणी. आमची मुलं चहाबरोबर फुटाणे खातात, ते मी बंद करायला सांगतो. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे हरभऱ्यातलं लोह शरीराला नीट मिळत नाही. तासाभराचं अंतर ठेवा. मुलींनी तर हे नक्की पाळावं, त्यांच्यात रक्त कमी असणं फार दिसतं. सत्तूत लिंबू पिळतात त्याचाही उपयोग होतो, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं.

एका दिवसाचा हिशोब

त्या कळ आलेल्या मुलाचाच हिशोब आम्ही एका वहीत मांडला होता. वजन ६० किलो. साध्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. म्हणजे त्याला ५० ग्रॅम. पण रोज धावणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या, जोर-बैठका काढणाऱ्याला त्याहून जास्त हवं. आम्ही किलोमागे सव्वा ग्रॅम धरलं, म्हणजे ७५ ग्रॅम.

मेसमध्ये एका वेळी चार चपात्या, वाटीभर पातळ वरण, भात, भाजी. चपात्यांचे बारा-तेरा, वरणाचे चारेक, भाताचे तीन-चार, भाजीचे एक-दोन. एका जेवणाचे २२ ग्रॅम. दोन जेवणांचे ४४, सकाळच्या पोह्यांचे पाच. झाले ४९. खड्डा २६ ग्रॅमचा.

तो असा भरला: सरावानंतर ४० ग्रॅम सत्तू, त्याचे ८. दुपारी अभ्यासिकेत ५० ग्रॅम फुटाणे, त्याचे १०. रात्री पाव लिटर दूध, त्याचे ८. बेरीज २६. आमच्या भागात फुटाणे किलोला दीडशेच्या आसपास आणि दूध लिटरला साठ धरलं, तर सत्तू-फुटाण्यांचे साडेतेरा आणि दुधाचे पंधरा, मिळून रोजचे तीस रुपयेही होत नाहीत.

दूध का घातलं, सगळा खड्डा हरभऱ्यानेच का भरला नाही? दोन कारणं आहेत. हरभऱ्याच्या प्रोटीनमध्ये एका प्रकारची अमिनो आम्लं कमी पडतात, ती दुधात, अंड्यात, आणि काही प्रमाणात गहू-ज्वारी-तांदळात असतात. आपली वरण-भात, पिठलं-भाकरी ही जोडी त्याचमुळे पुरी पडते. तेव्हा सत्तू प्यायला म्हणून भाकरी सोडायची नाही. दुसरं कारण चोथ्याचं. एका वेळी २५ ग्रॅम प्रोटीन फक्त सत्तूतून घ्यायचं ठरवलं तर सव्वाशे ग्रॅम पीठ प्यावं लागेल. तो लगदा होतो, पोटात पावणेपाचशे-पाचशे कॅलरी जातात आणि माणूस दिवसभर जड राहतो. एक पेला सत्तू म्हणजे पावडरच्या डब्यातला एक मोठा चमचा, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. सत्तूच्या पेल्यातून आठेक ग्रॅम मिळतात, एका अंड्यापेक्षा जरा जास्त. दिवसभरात तीन-चार ठिकाणी असं थोडं थोडं पडलं की रकमा जुळतात.

दूध पचत नसेल तर ताक किंवा दही घ्या. अंडी खाणाऱ्याने एक अंडं आणि अर्धा पेला दूध घेतलं तरी तोच आकडा येतो.

पोटाला सवय लावताना

पहिला आठवडा रोज एकच चमचा, सरावानंतर. दुसऱ्या आठवड्यात दोन, मग तीन-चार. फुटाणेही अर्ध्या मुठीपासून. हरभऱ्यात काही साखरा अशा असतात की त्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात जंतू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो. रोज थोडं थोडं खाल्लं की बहुतेकांचा त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. वाढवल्यावर पोट गुडगुडलं, ढब्ब झालं, तर आधीच्या प्रमाणावर परत या आणि आणखी एक आठवडा थांबा. उलट शौचाला कडक होत असेल तर बहुतेक वेळा फुटाणे वाढले आणि पाणी वाढलं नाही, असं असतं. चेहऱ्यावर किंवा ओठांवर सूज, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखं झालं तर ते न पचणं नव्हे, ती ॲलर्जी आहे. सत्तू बंद करून लगेच दवाखाना गाठा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. रक्तदाब असलेल्यांनी मिठाच्या जागी लिंबू-जिऱ्यावर भागवावं. मधुमेह असेल तर गुळाचा नको, खारटच घ्यावा.

आणखी एक गोष्ट, जी उन्हाळ्यात दरवर्षी सांगावी लागते. लांब धावताना तहान लागली की सत्तू नव्हे, पाणी. तासाभराच्या वर घाम गाळत असाल तर पाण्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. सत्तू त्या वेळी पोटात गेला तर तो पचवायलाही पाणी लागतं, आणि आपल्याकडे तेच कमी असतं.

भरतीच्या दिवशी

मैदानी चाचणीला पहाटे बोलावतात आणि नंबर कधी येईल ते सांगता येत नाही. रांगेत चार-पाच तास जातात. घरून निघताना पोटाला सवय असलेलंच खा. खिशात दोन छोट्या पुड्या ठेवा, एकीत डाळवं आणि गूळ, दुसरीत दोन-तीन खजूर, आणि हातात पाण्याची बाटली. आपला नंबर अजून दोन तासांहून लांब आहे असं दिसलं तर डाळवं-गूळ मूठभर, सावकाश चावून. तासाभरावर आला की फक्त खजूर आणि घोटभर पाणी. सत्तूची कोरडी बाटली पिशवीत तशीच असू द्या. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, तिन्ही झाल्यावर सावलीत बसून त्यात पाणी ओता.